८२ टक्के पाऊस आणि वाळलेलं सोयाबीन

पाऊस किती झाला, हा प्रश्न सप्टेंबर संपला की सगळेच विचारतात. उत्तर टक्क्यांत मिळतं. हवामान खात्याच्या हिशेबात हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी असला तरी तो 'सामान्य' धरतात. तूट २० टक्क्यांवर गेली की मग 'अपुरा'. हा हिशेब चुकीचा नाही, पण एका शेताला लावून बघा म्हणजे गंमत कळते.

आमच्या इथं मराठवाड्यातले एक अण्णा २००२ पासून शेतातल्या पर्जन्यमापकाची नोंद वहीत ठेवतात. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेलाच. मापक उघड्यावर आहे, झाडाची फांदी नाही, पत्र्याचं छप्पर जवळ नाही. पाऊस नसेल त्या दिवशी ते शून्य लिहितात. स्वतः गावाला गेले असतील तर रकान्यात आडवी रेघ. "रेघ म्हणजे बघितलं नाही, शून्य म्हणजे पडला नाही. दोन्ही एक केलं की वहीची रद्दी," असं ते म्हणतात. मी कितीतरी सरकारी तक्ते बघितलेत, पण हा फरक प्रत्येक ठिकाणी सांभाळलेला दिसत नाही.

तर त्यांच्या वहीतलं २०२३ साल घेऊ. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट त्या वर्षीचाच. आधीच्या २१ वर्षांवरून काढलेली या शेताची सरासरी अशी: जून १४०, जुलै १८०, ऑगस्ट १९०, सप्टेंबर १७० मिलिमीटर. एकूण ६८०. (२१ वर्षं तशी कमीच, दीर्घ सरासरीला तीस तरी वर्षं हवीत. पण या शिवाराची दुसरी नोंदच नाही.)

त्या वर्षी जूनमध्ये पडला ६२. निम्म्याहून कमी, म्हणून पेरणी लांबली आणि सोयाबीन ५ जुलैला पडलं. जुलैनं मात्र हात दिला, २४६. अण्णा महिन्याच्या आकड्याशेजारी हंगामाची चढती बेरीज लिहितात. जुलैअखेर ती ३०८ होती, सरासरीनं हवी होती ३२०. म्हणजे तूट फक्त १२ मिलिमीटर. पीकही तरारलेलं. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर अण्णांनी 'झकास' म्हणून सांगितलं असतं.

मग ऑगस्ट. ३ तारखेला ९ मिलिमीटर, ३० तारखेला १२, आणि मधले २६ दिवस ओळीनं शून्य. महिन्याचा पाऊस २१, म्हणजे सरासरीच्या अकरा टक्के. ऑगस्टअखेर बेरीज ३२९ वर अडकली, हवी होती ५१०. बारा मिलिमीटरची तूट एका महिन्यात १८१ झाली. आता पिकाचं वय बघा. खंड सुरू झाला तेव्हा महिन्याचं, संपला तेव्हा पावणेदोन महिन्यांचं. सोयाबीनला फुलं येतात आणि शेंगा धरतात ते नेमके हेच दिवस. काळ्या जमिनीला भेगा पडल्या, फुलं गळाली.

सप्टेंबरमध्ये पडला २३१, सरासरीहून जास्त. त्यातला ९६ एकाच रात्रीत, तो बांध फोडून नाल्याला गेला. विहिरीला पाणी आलं, हरभऱ्याची पेरणी साधली, हेही खरं. पण गळालेलं फूल काही परत लागत नाही.

हंगामाची बेरीज ५६०. सरासरीच्या ८२ टक्के, तूट अठरा. वर सांगितलेल्या मापानं सामान्य पाऊस! आणि सोयाबीन एकरी अडीच क्विंटल. दरवर्षीच्या निम्मंही नाही.

आता खरा वाद. त्या वर्षी विम्यासाठी अण्णांची वही चालली नाही, महसूल मंडळातल्या केंद्राची नोंद चालली. ते केंद्र त्यांच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर. तिथं १९ ऑगस्टला एक सर आली, ६ मिलिमीटरची. शिवारात थेंब नाही. त्या वर्षी एकवीस दिवसांच्या खंडाची चर्चा गावोगाव होती, पण केंद्राच्या कागदावर खंड १५ दिवसांवरच तुटला. अण्णांनी वही दाखवली, समोरच्या साहेबांनी चाळली, छान ठेवलीय म्हणाले आणि परत दिली.

साहेबांचीही अडचण मला कळते. प्रत्येकाची घरची वही ग्राह्य धरली तर उद्या वह्या खंडापुरत्याच लिहिल्या जातील. पण पावसाळ्यातली सर एका शिवारात पडते आणि पुढचं कोरडं ठेवते, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक आहे. मग मंडळात एकाऐवजी गावागावात मापक का नको? आणि ज्यांच्याकडे वीस-वीस वर्षांची सलग नोंद आहे, त्यांची वही निदान केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघायला काय हरकत आहे? इतर महिन्यांत दोन्ही जुळत असतील तर ऑगस्टमध्येच अण्णा खोटं लिहितील का?

मी ते ताडून बघायला घेतलंय. जून ते सप्टेंबरच्या नोंदी केंद्राकडून मागितल्यात. आपल्या गावात कुणाकडे अशी वही असेल तर कळवा. रेघा असल्या तरी चालतील.