मीटर गेले, सेकंद उरले

सीईटीला चार दिवस उरले होते आणि सावेडीतल्या आमच्या घरात लेक लंबकाच्या सूत्रापाशी अडली होती. मुळाखाली वर l की g? वहीत दोन्ही लिहिलेली:

T = 2π√(l/g)
T = 2π√(g/l)

मिती, म्हणजे डायमेन्शनचा तक्ता तिला वर्षभर पाठ होता, पण तो कशासाठी हे उमगलं नव्हतं. मी विचारलं, "उत्तर कशात यायला हवं?"

"सेकंदात."

"मग आकडे सोड, नुसती एककं लिही."

l मीटरमध्ये. g म्हणजे मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. l ला g ने भागल्यावर मीटर उडाले, सेकंदाचा वर्ग उरला. वर्गमूळ काढलं, सेकंद! दुसऱ्या सूत्रात मात्र 'एक भागिले सेकंद' आलं.

"मम्मी, हे दुसरं वेळ सांगूच शकत नाही!"

मग तिनेच शंका काढली, "2π ऐवजी नुसता π असता तर?" खरंच, त्याला एककच नाही, त्यामुळे ती चूक या तपासणीत सापडत नाही. तिथे प्रयोगच हवा. आम्ही दाराच्या चौकटीला दोऱ्याने कुलूप टांगलं, टोकापासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर, आणि हलकासा झोका दिला. जाऊन-येऊन १० झोक्यांना सुमारे २० सेकंद लागले. नुसता π असता तर १० लागले असते.

आता ती कुठलंही सूत्र लिहिलं की आधी एककं जुळवते, मगच आकडे घालते.