शहाण्णव टक्क्यांचं काय झालं?

माझ्या मामेभावाने एमएससाठी लिहिलेल्या एसओपीत सगळ्यात चकचकीत वाक्य होतं, ‘आय डिव्हेलप्ड अ नॉव्हेल एआय सोल्यूशन विथ नाइन्टी सिक्स पर्सेंट अ‍ॅक्युरसी.’ प्रोजेक्ट बीईच्या शेवटच्या वर्षाचा, पानाच्या फोटोवरून सोयाबीनवरचा रोग ओळखण्याचा.

एसओपी तपासताना मी प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारतो: हे वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या अर्जात जसंच्या तसं चालेल का? चालत असेल, तर ते उडवायचं किंवा त्यात तपशील भरायचा. हे वाक्य कुणालाही चाललं असतं.

मग क्रियापद धरलं. ‘डिव्हेलप्ड’ म्हणजे नक्की काय केलंस? मॉडेल तयारच होतं, त्याचा शेवटचा लेयर चौघांनी मिळून पुन्हा ट्रेन केला. याने एकट्याने केलं ते वेगळंच. तीन शेतांत फिरून फोटो काढले आणि टेस्टिंग केलं.

‘मग शहाण्णव टक्के?’

‘दादा, ते नंतर अठ्ठ्याहत्तरवर आले.’

एकाच पानाचे आठ-दहा फोटो होते. सरसकट वाटणी केल्यावर त्यातले काही ट्रेनिंगमध्ये गेले, काही टेस्टमध्ये. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. ही गोष्ट यानेच पकडली. मग दोन शेतं ट्रेनिंगला आणि तिसरं फक्त टेस्टला ठेवलं, तेव्हा खरा आकडा दिसला. आणि एसओपीत यातलं काहीच नव्हतं!

‘हे लिहिलं तर घेतील का?’ त्याची भीती रास्त होती; अर्जाची फी भरलेली, घरचे कर्जासाठी बँकेत जाऊन आलेले. पण शहाण्णव वाचून जाणकार प्राध्यापकाला पहिली शंका याच गळतीची येणार. आणि ती स्वतः शोधून काढणारा मुलगा संशोधनाला जास्त उपयोगी.

नव्या परिच्छेदाचा अर्थ असा: ‘चौघांच्या प्रोजेक्टमध्ये फोटो जमवणं आणि टेस्टिंग माझ्याकडे होतं. एकाच पानाचे फोटो दोन्हीकडे गेल्याचं लक्षात आल्यावर मी शेतानुसार वाटणी केली. अचूकता ९६ वरून ७८ टक्क्यांवर आली. नव्या शेतात मॉडेल का अडखळतं, हे मला शिकायचं आहे.’

प्रामाणिक लिहायचं म्हणजे रडगाणं गायचं नाही. तिसऱ्या सेमिस्टरला बॅकलॉग होता. त्याला एक वाक्य आणि तो कधी सुटला, एवढंच दिलं.

शेवटच्या वाक्यामुळे ‘हेच विद्यापीठ का’ हा परिच्छेदही सुटला. आधी तिथे ‘वर्ल्ड क्लास फॅकल्टी’ होती. विद्यापीठाचं नाव बदललं तरी परिच्छेद तसाच उभा राहत होता. आता प्रश्न हातात होता. त्याने त्यावर काम करणारी लॅब शोधली, तिथला एक पेपर पूर्ण वाचला आणि आपल्या तिसऱ्या शेताशी त्याचा संबंध दोन वाक्यांत लिहिला. दुसऱ्या विद्यापीठात तशी लॅब सापडलीच नाही. त्या अर्जात हा परिच्छेद कितीही घासला तरी पोकळच राहिला. शेवटी त्याने ते नाव यादीतून काढलं.