प्रकरण दोन

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एम.एड.चा लघुप्रबंध करणारी, जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा घेऊन आली. विषय आकारिक मूल्यमापन. वही उघडण्याआधीच ती म्हणाली, “मॅडम, तुमच्या प्रबंधातलं एक वाक्य मला मूळ लेखात सापडत नाहीये.”

वाक्य असे होते: ब्लॅक आणि विल्यम यांनी १९९८ मध्ये २५० अभ्यासांचे मेटा-विश्लेषण करून आकारिक मूल्यमापनाचा इफेक्ट साइज ०.४ ते ०.७ असल्याचे दाखवले. माझे हे प्रकरण आमच्या ग्रंथालयात नमुना म्हणून दाखवले जाते आणि त्याचा मला अभिमान होता. मूळ लेख मी वाचला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या प्रबंधातून ते वाक्य उचलले होते आणि त्या माणसानेही बहुधा तेच केले असावे.

आम्ही दोघी तो लांबलचक लेख घेऊन बसलो. स्रोत अडीचशेच्या आसपास आहेत, हे खरे. पण हे अभ्यास एकमेकांहून इतके वेगळे आहेत की त्यांची निष्पत्ती एकत्र करून फारसा अर्थ निघणार नाही, असे लेखक स्वतःच म्हणतात. मेटा-विश्लेषण त्यांनी मुद्दाम टाळले होते. ०.४ ते ०.७ हा पल्ला त्याच वर्षीच्या, शिक्षक आणि धोरणकर्त्यांसाठी लिहिलेल्या ‘इन्साइड द ब्लॅक बॉक्स’ या छोट्या लेखनातला. दोन लिखाणांचा आमच्याकडे एक संदर्भ झाला आणि जे केलेच नव्हते ते लेखकांच्या नावावर जमा झाले.

मग २०११ चे किंग्स्टन आणि नॅश यांचे काम वाचले. तीनशेहून अधिक अभ्यास चाळून त्यांना हिशेबात घेता आले फक्त १३, आणि सरासरी निघाली ०.२० च्या आसपास. मला वाटले, जुना आकडा खोडून हा लिहावा. ती म्हणाली, “पण त्यांच्या पद्धतीवरही पुढच्याच वर्षी आक्षेप घेतलेत की.” तेही खरे होते. एका आकड्याच्या जागी दुसरा बसवला की आढावा झाला, ही माझी जुनीच खोड.

खरा पेच आकड्याचा नव्हताच, शब्दाचा होता. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने आली. त्यांचे गुण संकलित मूल्यमापनाच्या गुणांत मिळवायचे आणि श्रेणी द्यायची. परदेशी लेखात ‘फॉर्मेटिव्ह’ म्हणजे मिळालेल्या माहितीवरून शिकवणे बदलणे. आपल्याकडे ‘आकारिक’ म्हणजे बरेचदा नोंदवही. ‘परदेशातील संशोधने’, ‘भारतातील संशोधने’ अशी दोन उपशीर्षके देऊन दोन्हींचे निष्कर्ष एकाखाली एक लिहिले की जणू सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत असे वाटते.

म्हणून तिच्या तक्त्यात आम्ही एक स्तंभ वाढवला: ‘माहिती मिळाल्यावर शिक्षकाने पुढच्या तासाला काय बदलले?’ एकेक प्रबंध पुन्हा उघडला. बहुतेकांत शिक्षकांची अभिवृत्ती होती, अडचणी होत्या, नोंदी ठेवल्या की नाही हे होते. आमचा स्तंभ रिकामा राहत गेला. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या इस्रायलमधल्या प्रयोगापाशी मात्र आम्ही थांबलो. काही मुलांना फक्त अभिप्राय, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्यांचे काम सुधारले. गुण जोडले की अभिप्रायाचा फायदा दिसेनासा झाला. आपल्या नोंदवहीत अभिप्रायाशेजारी गुणांचा रकाना असतोच. तिच्या संशोधनाचा प्रश्न तिथे मिळाला. ‘या विषयावर महाराष्ट्रात संशोधन झालेले नाही’ हे ठरावीक वाक्य आम्हाला लिहावे लागले नाही.

किमान तीस संशोधने हवीत, प्रत्येकाला एक परिच्छेद, उद्दिष्टे, नमुना, निष्कर्ष, असा आग्रह धरणारे मार्गदर्शक मला माहीत आहेत. मीही वीस वर्षे तसाच आग्रह धरला. त्यातून तयार होते ती यादी. तीस परिच्छेदांची अदलाबदल केली तरी प्रकरणाला काही होत नसेल, तर तो आढावा नव्हे. तिच्या प्रकरणात शेवटी चौदाच अभ्यास उरले. कमी पडतात म्हणून प्रकरण एकदा परत आले. मी पत्र लिहून ते तसेच ठेवायला लावले.

माझ्या प्रबंधाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने दुरुस्ती लिहिली आहे. ज्यांनी आजवर ते तिथून उतरवून घेतले असेल, त्यांनी कृपया मूळ लेख उघडावा आणि आपापल्या प्रतीतही ते खोडावे.