पणजीचे लुगडे आणि निळ्या रंगाची चूक

आजचा धागा एका छायाचित्राविषयी आहे. माझ्या आजीच्या आईवडिलांचे हे छायाचित्र एका स्टुडिओत काढलेले असून मागे पेन्सिलीने १९३१ असे लिहिले आहे. पणजोबा कोट घालून खुर्चीवर बसले आहेत आणि पणजी नऊवारी नेसून शेजारी उभी आहे. मागच्या दिवाळीत मी ते न्यूरल मॉडेलकडून रंगवून घेतले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. ‘किती गोऱ्या होत्या!’ असे कौतुक सुरू झाले. आजी मात्र बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, ही माझी आई नव्हे. आई माझ्याच वर्णाची होती. आणि हे लुगडं निळं कुठून आलं?”

ट्रंकेतून तिने लुगडे काढले. ते कुंकवाच्या रंगाचे होते.

मॉडेलची चूक समजण्यासाठी त्याची रीत पाहावी लागते. रंगाचे तीन भाग करता येतात : एक उजेडाचा, दुसरा हिरव्या-तांबड्याचा, तिसरा निळ्या-पिवळ्याचा. कृष्णधवल छायाचित्रातून उजेड तेवढा मिळतो. उरलेले दोन भाग मॉडेल अंदाजाने भरते. २०१६ साली झँग, इसोला आणि एफ्रॉस यांनी असे एक गाजलेले मॉडेल सुमारे तेरा लाख छायाचित्रांवर शिकवले. शिकवणीची युक्ती सोपी आहे. आजचे रंगीत छायाचित्र घ्यायचे, त्याचा रंग काढून टाकायचा आणि तोच रंग ओळखायला लावायचा. अनेक रंग शक्य असले की साधे मॉडेल त्यांची सरासरी काढते आणि सरासरी बहुधा मातकट येते. म्हणून या तिघांनी रंगांचे ३१३ कप्पे पाडले आणि विरळ रंगांना शिकवणीत अधिक वजन दिले.

पण या साऱ्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : जुन्या कॅमेऱ्याने जग आजच्या कॅमेऱ्यासारखेच राखाडी केले असेल. तसे ते नव्हते. त्या काळी अनेक स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक काच किंवा फिल्म वापरत. तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसे, तांबडा जवळजवळ दिसत नसे. म्हणूनच ती तांबड्या दिव्याखाली धुता येई. अशा काचेपुढे तांबडे लुगडे म्हणजे अंधारच.

आमच्या छायाचित्रात हेच घडले असेल का, हे मी तपासले. खिडकीच्या उजेडात लुगड्याचे छायाचित्र काढले. त्याच्या एका ठिकाणी तांबडा १८०, हिरवा ३०, निळा ४५ असे आकडे आले. आजच्या नेहमीच्या सूत्राने, म्हणजे `0.299R + 0.587G + 0.114B` ने, राखाडी छटा ७७ येते. तांबडा वगळून उरलेल्या दोहोंची सरासरी घेतली तर ३८ च्या आत. जुन्या छायाचित्रात तिथे ४० आहे, जवळजवळ पणजोबांच्या कोटाइतकेच काळे. कागद विटतो, धुलाई कमीजास्त होते, त्यामुळे हा पुरावा ढोबळच. पण दिशा स्पष्ट होती. मॉडेलने काळपट रेशीम पाहिले आणि गडद निळे ठरवले.

मग २०१७ च्या त्या पद्धतीने, जिथे आपणच रंगाचा ठिपका देऊन मॉडेलला इशारा करतो, लुगड्यावर तांबडा ठिपका दिला. आले ते सुकलेल्या रक्तासारखे काहीतरी, कारण मूळचा उजेड मॉडेल बदलत नाही. कुंकवाचा रंग हवा तर उजेडच वाढवावा लागतो, म्हणजे छायाचित्रालाच हात लावावा लागतो. आठवडाभर मी हे टाळले. शेवटी लुगड्यापुरता उजेड एका वेगळ्या प्रतीत वाढवला आणि तसे तिच्यावर लिहिले.

त्वचेचे प्रकरण अधिक नाजूक होते. सावळ्या कातडीतून तांबडा प्रकाश अधिक परततो, म्हणून अशा काचेवर ती आहे त्याहून काळी उमटते. उलट स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळत. आमच्या छायाचित्रात चेहरा आणि हात दोन वेगळ्या माणसांचे वाटतात ते बहुधा यामुळेच. त्यात शिकवणीच्या छायाचित्रांचा मोठा वाटा अमेरिका-युरोपातला, तेव्हा उजळ चेहऱ्यावर मॉडेलने गुलाबी छटा चढवली. कपाळावरचे कुंकू त्याने तपकिरी डाग समजून रंगवले.

मी आजीच्या मनगटाची आतली बाजू पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून टिपली आणि रंगाचे दोन भाग तिथून घेतले. उजेड मात्र पणजीच्या चेहरा आणि हात यांच्या मधला धरला. तो निर्णय माझा आहे, छायाचित्राचा नव्हे.

ही प्रत आजीने जवळ घेऊन पाहिली. मग विचारले, “दादांच्या कोटाला रंग का नाही दिलास?” दादा म्हणजे पणजोबा. तो कोट काळा असेल, तपकिरी असेल किंवा गडद तांबडाही असेल. त्या काचेवर तिन्ही सारखेच दिसतील. आजीलाही आठवत नव्हते. कोट अजून राखाडीच आहे.