दोन भाषांतला एक निरोप

आई इंदूरला एकटी राहते, मी पुण्यात नोकरी करतो. आपल्यापैकी अनेक घरांत हीच स्थिती आहे. सकाळी आईने फोन उचलला नाही, तर पुण्याहून निघून मी फार लवकर पोहोचू शकत नाही. खालच्या मजल्यावरचे भैया मात्र दोन मिनिटांत पोहोचतात. म्हणून त्यांच्यासाठी एक निरोप मी फोनमध्ये आधीच लिहून ठेवला आहे. फक्त वेळ भरायची आणि पाठवायचा.

निरोप दोन भाषांत आहे, कारण तो दोन घरी जातो. खालचे भैया हिंदी बोलणारे, आणि किल्ली आहे ती समोरच्या काकूंकडे. काकूंना हिंदी उत्तम येते, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घाईत वाचायला आपलीच भाषा बरी. दोघांनाही दोन्ही मजकूर एकत्र जातात, म्हणजे दुसऱ्याला काय सांगितले आहे हे प्रत्येकाला कळते.

हिंदी मजकूर असा:

«भैया, मैं ऊपर ३०२ वाली माँजी का बेटा। माँ सुबह ८ बजे से फ़ोन नहीं उठा रहीं। अभी जाकर देख लीजिए। चाबी सामने ३०१ वाली काकू के पास है, अंदर से कुंडी नहीं लगी होगी। माँ को शुगर है। होश में हों तो ३ चम्मच चीनी पानी में घोलकर पिलाइए। बेहोश हों तो मुँह में कुछ न डालें, १०८ लगाइए। देखते ही मुझे फ़ोन कीजिए।»

आणि मराठी:

«काकू, आई सकाळी ८ पासून फोन उचलत नाही. खालचे भैया येत आहेत, त्यांना आमची किल्ली द्या आणि सोबत जा. आतून कडी नसेल. साखरेचे आणि १०८ चे त्यांना लिहिले आहे.»

मराठी मजकूर हिंदीचे भाषांतर नाही, हे लक्षात आले असेल. काकूंचे काम वेगळे, म्हणून शब्द वेगळे. शिवाय शब्दाला शब्द ठेवला तर घोटाळे होतात. हिंदीतली ‘कुंडी’ म्हणजे आपली कडी, आणि आपली कुंडी म्हणजे त्यांचा गमला. ‘आई खाली पडली आहे’ हे हिंदी वाचणाऱ्याला भलतेच वाटेल, कारण त्याच्या लेखी ‘खाली’ म्हणजे रिकामे. ‘मघाशी’, ‘थोड्या वेळापूर्वी’ हेही नको. निरोप अर्ध्या तासाने वाचला गेला तर त्याला अर्थ उरत नाही. म्हणून घड्याळाची वेळ लिहायची.

कडीचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. किल्ली असून आतून कडी असेल तर शेजारी बाहेरच उभे राहतात. आम्ही दाराला दोन्ही बाजूंनी किल्लीने उघडणारे कुलूप बसवले आणि कडी काढूनच टाकली. आतल्या बाजूला किल्ली अडकवून ठेवली तर बाहेरची चालत नाही, म्हणून आई आपली किल्ली खिळ्याला टांगते.

गेल्या वर्षी एका संकष्टीला हा निरोप पाठवावा लागला. आधी मी दोन वेळा आईला, मग भैयांना फोन केला. निरोप हा फोननंतरचा. फोनवर ‘जाता हूँ’ म्हणून माणूस धावतो, आणि जिन्यात घर क्रमांक, किल्ली, औषध हे सगळे विसरतो. ते वाचायला हातात हवे.

आईने उपासातही मधुमेहाची गोळी घेतली होती. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली सापडली. घामाने भिजलेली, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. पण शुद्धीत होती आणि गिळता येत होते. भैयांनी साखरपाणी दिले, काकूंनी घरातल्या यंत्रावर साखर तपासली. ५४ होती. ७० च्या खाली गेली की कमी समजतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा ८८. मग काकूंनी वरणभात खाऊ घातला. काही गोळ्यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते, म्हणून डॉक्टरांना फोन करून त्या दिवशी काकू तिच्याजवळच बसल्या.

निरोपाला मर्यादाही आहे. त्यात मी एकच आजार लिहिला आहे, कारण आईच्या बाबतीत तोच धोका मोठा. तोंड वाकडे झाले, एक हात उचलत नाही किंवा बोलणे अडखळते, असे असेल तर तो पक्षाघात असू शकतो. पण साखर उतरल्यावरही कधी असेच दिसते, म्हणून यंत्र हाताशी असेल तर तपासायचे. १०८ ला मात्र थांबवायचे नाही, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगायचे. पडून कंबर दुखत असेल तर उचलायचे नाही. हे सगळे निरोपात कोंबले तर कोणी वाचणार नाही, म्हणून ते मी भैयांना दिवाळीत समोर बसून सांगितले.

आईची औषधे बदलली की मी निरोपही बदलतो. आणि संकष्टीच्या गोळीचे काय करायचे, ते आता डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तो कागद फ्रिजवर लावला आहे, काकूंना दिसेल असा.