‘लवकर पाठवा, नाहीतर बघा’

आमच्या छोट्या गावात पत्रकार म्हणजे फुकटचा अर्जलेखक. वीज बिलाची तक्रार असो की सातबाऱ्याची दुरुस्ती, लोक कागद घेऊन दारात उभे. हल्ली त्यात एक नवीन प्रकार वाढलाय. कंपनी सोडून आलेली पोरं रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स सर्टिफिकेटसाठी येतात.

फेब्रुवारीत गल्लीतला एक मुलगा आला. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता. ३० नोव्हेंबरला रीतसर नोटीस संपवून बाहेर पडला. १७ मार्चला नवीन ठिकाणी जॉइनिंग, आणि तिथं दोन्ही कागद आधी हवेत. मला म्हणाला, "काका, मी मेसेज करून करून थकलो." बघू म्हटलं मोबाइल. एचआर मॅडमना शेवटचा मेसेज असा होता:

"मॅडम माझं लेटर कधी देणार? तीन महिने झाले. फोन पण उचलत नाय कोणी. पगार पण अडकवलाय. लवकर पाठवा, नाहीतर बघा."

त्याचा राग खोटा नव्हता. पण मॅडमच्या बाजूनं वाचून बघा. कोण बोलतंय, कुठल्या खात्यातला, कधी सोडलं, कोणतं लेटर हवंय, यातलं काहीच नाही. त्यात पगाराचं भांडण घुसवलेलं, म्हणजे उत्तर द्यायला अकाउंट्सला विचारावं लागणार. असा मेसेज माणूस वाचतो आणि पुढं सरकतो.

मी त्याला म्हटलं, अरे, नम्र लिहायचं म्हणजे पाया पडायचं नाही. समोरच्याला फाइल शोधावी लागू नये, एवढी माहिती हाताशी द्यायची. आणि व्हॉट्सॲपवर नाही, मेलवर. एचआरला, सोबत आपल्या जुन्या मॅनेजरला प्रत. उद्या गरज पडली तर तारखेसह पुरावा राहतो. कंपनीचा मेल बंद झालेला असतो, म्हणून स्वतःच्या मेलवरून.

मेल इंग्रजीत गेला. मराठीत साधारण असा होता:

"विषय: रिलीव्हिंग लेटर व एक्सपिरियन्स सर्टिफिकेटबाबत विनंती – (नाव), एम्प्लॉई कोड (क्रमांक)

आदरणीय मॅडम,
मी १० जून २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२४ या काळात आपल्या क्वालिटी विभागात इन्स्पेक्टर म्हणून काम केले. १ नोव्हेंबरचा माझा राजीनामा त्याच आठवड्यात स्वीकारला गेला. तो मेल सोबत जोडला आहे. नोटीसचा काळ मी पूर्ण केला आहे.
मला अद्याप रिलीव्हिंग लेटर व एक्सपिरियन्स सर्टिफिकेट मिळालेले नाही. नवीन नोकरीसाठी दोन्ही कागद १० मार्चपर्यंत मिळाल्यास मदत होईल. माझ्याकडून काही पूर्तता बाकी असल्यास कृपया कळवावे.
आपला विश्वासू"

खाली फोन नंबर. पगाराचा एक शब्द नाही. त्या हिशेबाचा मेल दुसऱ्या दिवशी वेगळा पाठवला.

दोन्ही कागदांची नावं मुद्दाम वेगळी लिहिली. रिलीव्हिंग लेटर सांगतं की राजीनामा मंजूर झाला आणि अमुक तारखेला कामातून मोकळं केलं. एक्सपिरियन्स सर्टिफिकेट सांगतं की किती काळ, कुठल्या पदावर काम केलं. नुसतं "लेटर द्या" म्हटलं की बऱ्याचदा एकच कागद हातात येतो.

पण सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं ठरलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: नो ड्यूज फॉर्मवर स्टोअरची सही नाही, एक व्हर्नियर कॅलिपर नावावर बाकी आहे. पोरानं तो सुपरवायझरच्या हातात दिला होता, पण स्टोअरला नोंद झालीच नव्हती. तीन महिने गाडी अडली होती ती एवढ्यावर! "नाहीतर बघा" म्हटल्यावर हे कोण सांगणार होतं? पोरगा जाऊन सही घेऊन आला आणि ६ मार्चला दोन्ही कागद मेलवर आले.

आले तरी वाचून घ्या. याच्या सर्टिफिकेटवर पद ‘ट्रेनी’ पडलं होतं. कन्फर्मेशन लेटर जोडून दोन ओळींचा मेल केला, तेव्हा दुरुस्त झालं. नावाचं स्पेलिंग बघा. तारखा पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीशी ताडून बघा, कारण नवीन कंपनी तिथंही डोकावू शकते.

मेल लिहिला की कागद मिळतोच असं नाही. मुद्दाम अडवणारे मालकही आहेत. पण तेव्हाही पुढच्या तक्रारीला जोडायला हाच मेल लागतो. हे मी अनुभवानं सांगतोय. वीसेक वर्षांपूर्वी एक दैनिक सोडताना मी संपादकांना तोंडीच म्हणालो, "सर, तेवढं सर्टिफिकेट बघा." ते "हो हो" म्हणाले. पुढं अधिस्वीकृतीसाठी अनुभवाचे दाखले जोडायची वेळ आली, तेव्हा ती आवृत्ती बंद झालेली आणि माझ्याकडं मी मागितल्याचासुद्धा कागद नाही. तिथली चार वर्षं माझ्या हिशेबात धरलीच गेली नाहीत.

दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणाऱ्या माणसाची ही गत. तेव्हा पोरांनो, नोकरी सोडायच्या आधीच नो ड्यूजच्या सगळ्या सह्या घ्या, फॉर्मचा फोटो काढा आणि राजीनामा मंजूर झाल्याचा मेल स्वतःच्या मेलवर ठेवा.