फुकटची पोस्ट आणि पैशाची जाहिरात



आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया घरून काही ना काही विकतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई चकलीची भाजणी करून विकते. एकदा त्या म्हणाल्या, "मॅडम, फेसबुकवर पेज आहे, रोज टाकते, तरी गिऱ्हाईक तेच तेच. जाहिरातीला पैसे भरू का?" हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून आज त्याबद्दल लिहिते.

आपण पेजवर फोटो किंवा व्हिडिओ टाकतो आणि तो जेवढ्यांपर्यंत आपोआप जातो, त्याला ऑरगॅनिक म्हणतात. फेसबुकला पैसे देऊन तो आपण ठरवलेल्या लोकांना दाखवतो, ते पेड. पेडवर 'प्रायोजित' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता नवख्या माणसाचा एक समज असा की पेजला ३४० जण जोडलेले आहेत, म्हणजे पोस्ट ३४० जणांना दिसते. तसं नसतं हो! कोणाला काय दाखवायचं हे फेसबुक ठरवतं. २०१८ च्या जानेवारीत तर कंपनीने जाहीरच केलं की पेजपेक्षा मित्र आणि नातेवाईक यांच्या पोस्ट आधी दाखवू. ताईंची साधी पोस्ट सत्तर-ऐंशी जणांनाच दिसायची, आणि त्यातले बरेचसे भावकीतले.

त्यांनी आधी एकदा पैसे भरून पाहिले होते. दर आणि फोन नंबर लिहिलेलं एक पोस्टर, ५०० रुपये. दोनशेच्या वर लाईक आले, पण ऑर्डर एकही नाही. कारण जाहिरात लावताना 'काय हवं' या ठिकाणी लाईक निवडलं होतं आणि भाग अख्खा महाराष्ट्र. मग फेसबुकने सवयीने लाईक दाबणारे लोक शोधून दिले. तुम्ही मागाल तेच ते आणून देतं, त्यामुळे मागतानाच नीट मागावं लागतं.

मग आम्ही त्यांच्या जुन्या पोस्ट उघडून बसलो. एक व्हिडिओ वेगळा दिसला. कढईत तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजताना, आणि कुठली डाळ किती लाल करायची हे त्या बोलून सांगत होत्या. (असं शिकवणं आम्हा डी.एड.वाल्यांनाही जमत नाही!) तो सहाशे जणांनी पाहिला होता, लोकांनी एकमेकींना पाठवला होता. खाली "कुठे मिळेल?" असं चौदा जणींनी विचारलेलं. फुकटच्या पोस्टचा हा मोठा उपयोग आहे. पैसे कशावर लावायचे ते ती आधीच सांगते.

त्याच व्हिडिओवर दिवसाला १५० असे पाच दिवस लावले. ७५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी १३५, एकूण ८८५. भाग तालुक्याचं गाव आणि भोवतालचे १५ किलोमीटर, कारण तेवढ्यातच त्यांचे मिस्टर गाडीवर माल पोचवू शकतात. या वेळी 'काय हवं' मध्ये व्हॉट्सअ‍ॅप मेसेज निवडलं. मेसेज आले ४१, त्यातून १२ घरांनी मिळून १९ किलो भाजणी घेतली. किलोमागे ८० रुपये सुटतात, म्हणजे १५२०. जाहिरातीचे वजा करून ६३५ उरले.

फार नाही, पण पुढची गोष्ट बघा. त्या १२ पैकी पाच घरांनी महिन्याभरात परत मागवली. त्या वेळी जाहिरात नव्हती. पेजवर त्यांना अधूनमधून पोस्ट दिसत होत्या, तेवढ्यावर आठवण राहिली. आणि नवीन माणूस मेसेज करण्याआधी पेज उघडून बघतोच. तिथे शेवटची पोस्ट मागच्या दिवाळीची असेल तर तो तसाच परत जातो, आपले पैसे मात्र कापले गेलेले असतात.

पुढच्या महिन्यात तीच जाहिरात परत लावली, तेव्हा एक मेसेज चाळीस रुपयांना पडायला लागला. पहिल्या वेळी तो साधारण बावीसला पडला होता. लहान भागात तेच लोक तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात आणि पुढे सरकवतात. अशा वेळी रक्कम वाढवायची नसते. ताईंनी जाहिरात थांबवली आणि चकली मोडते का, तेलकट का होते यावर दोन नवे व्हिडिओ टाकले. त्यातला जो चालेल त्यावर दिवाळीच्या आधी पैसे लावायचं ठरलंय.

दोन्ही सगळ्यांनाच लागतं असं मात्र नाही. आमच्या गल्लीतल्या काकू रोज वीसच डबे करतात आणि वीसही आधीच ठरलेले असतात. त्यांनी जाहिरात लावली तर रोज नाही म्हणण्यातच वेळ जाईल. पण ज्यांच्याकडे माल शिल्लक राहतो आणि गिऱ्हाईक ओळखीपलीकडे जात नाही, त्यांनी आधी महिनाभर नियमाने पोस्ट टाकाव्यात, कुठल्या पोस्टवर लोक विचारतात ते वहीत लिहावं, आणि मगच पहिले पाचशे-सातशे खर्च करावेत.